येईल तेव्हा आणि आली की

रविवार कारंजावर भेटायचं ठरलेल्या माणसाला फोन करून ‘कुठे आहेस?’ असं विचारलं आणि पलीकडून ‘आलोच!’ असं उत्तर आलं, की अनुभवी नाशिककर आणखी एक चहा सांगतो. आलोच म्हणणारा त्या वेळी सिडकोतल्या घरी दुसरा मोजा शोधत असतो. ‘निघालोच’ म्हणाला असता तर आंघोळ व्हायची आहे असं समजायचं, आणि ‘पोचलो म्हणून समज’ म्हणाला असता तर दोन चहा सांगायचे. न घडलेल्या गोष्टीला इतक्या बिनधास्तपणे भूतकाळात नेऊन बसवणारा हा माणूस. पण त्यालाच ‘पोचलो की फोन करतो’ हा निरोप इंग्रजीत लिहायला लावा, म्हणजे गंमत दिसते. तो लिहितो, ‘व्हेन आय विल रीच, आय विल कॉल यू.’ मराठीत घराबाहेर पडण्याआधी पोचणारा हा गडी इंग्रजीत एवढा सावध होतो, की आपल्या पोचण्यालाही एक ‘विल’ लावतो आणि फोन करण्यालाही एक. इंग्रजीचा मास्तर पहिल्या ‘विल’वर लाल रेघ मारतो, ‘व्हेन आय रीच’ असं वर लिहितो आणि पुढच्या वहीकडे वळतो. ही चूक कुठून आली, हे त्या रेघेवरून कळत नाही.

याचं कारण विचारलं तर दहापैकी नऊ जण एकच सांगतात. आपल्या मराठीत दोन्हीकडे भविष्यकाळ असतो, म्हणून आपण इंग्रजीतही दोन्हीकडे तो घालतो. हे कारण इतकं सोयीचं आहे की ते खरं आहे का, हे तपासायला कोणी जात नाही. तपासायला फार लांब जावंही लागत नाही, नुसते कान उघडे ठेवले तरी पुरतं. ‘पाणी आलं की मोटर लाव.’ ‘पाऊस उघडला की निघू.’ ‘ती आली तर तिला चावी दे.’ ‘बारावी झाल्यावर बघू.’ या वाक्यांच्या पहिल्या भागातल्या सगळ्या गोष्टी पुढे घडायच्या आहेत, आणि त्यातल्या एकीलाही भविष्यकाळाचा प्रत्यय लागलेला नाही. मोटर लावणं, निघणं, चावी देणं, बघणं हे पुढचं आहे हे वाक्याच्या दुसऱ्या भागावरून कळतं, आणि पहिला भाग सरळ ‘आलं’, ‘उघडला’, ‘आली’ असं म्हणून मोकळा होतो. इंग्रजी अशा जागी वर्तमानकाळ वापरते, मराठी भूतकाळासारखं दिसणारं रूप वापरते, पण भविष्यकाळ दोघींनाही तिथे नको असतो. मग ‘व्हेन शी विल अराइव्ह’चं खापर मराठीच्या माथी फोडायचं ते कोणत्या पुराव्यावर?

दोघींना तो का नको असतो, हे लासलगावच्या बाजूच्या एखाद्या कांदा उत्पादकाचं वाक्य घेतलं तर चटकन कळेल. ‘भाव चढला तर चाळीतला कांदा काढीन.’ या वाक्यात एक वचन आहे आणि एक गृहीत आहे. कांदा काढीन हे त्याच्या हातातलं आहे, म्हणून तिथे तो शब्द देतो आणि भविष्यकाळ वापरतो. भाव चढणं त्याच्या हातात नाही, आणि ते कोणाच्या हातात आहे हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. भाव चढेल असं भाकीत तो करतच नाही. तो नुसतं म्हणतो, की ही गोष्ट घडली असं क्षणभर धरून चालू, मग पुढचं सांगतो. इंग्रजीतला ‘विल’ हा भाकिताचा आणि वचनाचा शब्द आहे. ज्या भागात आपण भाकीतही करत नाही आणि वचनही देत नाही, तिथे त्याला काम नसतं, आणि काम नसलेल्या ‘विल’ला इंग्रजी वाक्यात बसू देत नाही. भाव चढण्याइतकं अनिश्चित काही नसतं, तर गुरूच्या राशिबदलाइतकं निश्चित काही नसतं. तो साधारण बारा वर्षांनी सिंह राशीत येतो आणि नाशिकला सिंहस्थ भरतो. ते किती आधीपासून ठरलेलं असतं! तरीही आपण ‘गुरू सिंह राशीत आला की’ असंच म्हणतो. म्हणजे घटना पक्की असो वा कच्ची, धरून चालायचं असेल तर मराठी ‘-ला’ लावते. भविष्य सांगायची वेळ ज्योतिषावर येते, वाक्याच्या या भागावर येत नाही.

इथे व्याकरणाचा जाणकार घसा खाकरणार, आणि त्याचा मुद्दा बरोबर आहे. तो म्हणेल, ‘आली की’ मधला ‘आली’ हा भूतकाळ नव्हेच. हा ‘-ला’ मूळचा भूतकालवाचक कृदंताचा, म्हणजे क्रिया पुरी झाली एवढंच सांगणारा. ती काल पुरी झाली की उद्या होणार आहे, हे बाकीच्या वाक्यावर अवलंबून. मान्य. म्हणूनच ‘आलोच’ म्हणणारा सिडकोवासी व्याकरणाच्या दृष्टीने खोटं बोलत नाही, त्याच्यावर खटला भरायचा तर दुसऱ्या कलमाखाली भरावा लागेल. पण हाच न्याय इंग्रजीलाही लावा. ‘व्हेन शी अराइव्हज’ मधला वर्तमानकाळही ‘आत्ता’चा नाही. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियापदाला भविष्यकाळाचं वेगळं रूपच नव्हतं, पुढच्या गोष्टीही वर्तमानाच्याच रूपाने सांगत, आणि ‘विल’चा मूळ अर्थ ‘इच्छा असणे’ असा होता. पुढे ‘विल’ भविष्यकाळाच्या नोकरीला लागला, तरी ‘व्हेन’ आणि ‘इफ’च्या पुढच्या जागेवर त्याची कायमची नेमणूक झाली नाही. मधली काही शतकं ‘शॅल’ तिथे बसत असे, जुन्या बायबलात आणि कायद्याच्या भाषेत तो अजून दिसतो. आज ती जागा साध्या, बिनकाळाच्या रूपाकडे आहे. म्हणजे क्रियेचं साधं रूप इंग्रजी वापरते, पुरं झालेलं रूप मराठी वापरते, आणि काळ सांगायचं काम दोघीही एकदाच, मुख्य क्रियापदावर करतात. या बाबतीत दोन्ही भाषांचा संसार सारखाच काटकसरीचा आहे.

मग तो जास्तीचा ‘विल’ येतो कुठून? माझं म्हणणं असं, की तो मराठीतून येत नाही, भाषांतराच्या मराठीतून येतो. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकली ती भाषांतराच्या वाटेने. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला घरोघरी असत, आणि त्या नसल्या तरी वर्गातली रीत तीच असे. एका बाजूला इंग्रजी शब्द, समोर मराठी शब्द. ‘व्हेन’ म्हणजे जेव्हा, ‘इफ’ म्हणजे जर, ‘अंटिल’ म्हणजे जोपर्यंत. एकदा ‘जेव्हा’ असं वहीत लिहिलं, की ‘जेव्हा ती आली की’ असं काही म्हणता येत नाही. ‘जेव्हा’च्या पुढे पुढची गोष्ट सांगायची तर ‘येईल’ हेच आणावं लागतं आणि मागोमाग ‘तेव्हा’ धावत येतो. ‘जेव्हा ती येईल तेव्हा मी तुला फोन करीन.’ वाक्य शुद्ध आहे. फक्त स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत हे वाक्य ओरडून सांगणारा मराठी माणूस मला दाखवा. तिथून ‘आली की फोन करते गं’ एवढंच ऐकू येतं. शाळेत मात्र आधी इंग्रजीसाठी मराठी बिघडवली जाते, मग त्या बिघडलेल्या मराठीतून इंग्रजी बिघडते, आणि लाल रेघ ओढताना दोष मायबोलीला दिला जातो. वर हिंदी सिनेमा आहेच. हिंदीत ‘आएगी तो’ चालतं, आणि तिच्या सावलीत वाढलेली ‘जर ती येईल तर’ अशी वाक्यं आता मराठीतही जेवायला येऊन मुक्कामाला राहिली आहेत.

यावर कोणी म्हणेल, ‘येईल तेव्हा’ हे काही शाळेने शोधलेलं नाही, आम्ही तसं रोज बोलतो. बोलता, पण ते कधी बोलता ते ऐका. कोणत्याही सरकारी खिडकीपुढे उभं राहून सहीचं विचारलं, तर दोन उत्तरं मिळू शकतात. ‘साहेब आले की सही होईल’ असं उत्तर मिळालं, तर बाकावर बसावं, साहेब जिन्यात आहेत. ‘साहेब येतील तेव्हा होईल’ असं मिळालं, तर घरी जावं, साहेब जिल्ह्यात नाहीत. एका प्रत्ययाचा फरक आहे आणि त्यात अर्धा दिवस वाचतो किंवा जातो. ‘आले की’ मध्ये येणं धरून चालवलं आहे. ‘येतील तेव्हा’ मध्ये खांदे उडवलेले आहेत. म्हणूनच ‘होईल तेव्हा होईल’, ‘देईल तेव्हा खरं’, ‘ते जातील तेव्हा बघू’ ही सगळी वाक्यं हताश, बेफिकीर किंवा चिडलेल्या माणसाची असतात. सिंहस्थाच्या बाबतीत तर एकाच वाक्यात दोन्ही रूपं नीट आपापल्या जागी बसतात: गुरू सिंहेत आला की साधू येतात, आणि रस्ते होतील तेव्हा होतील. मराठीत या जागी भविष्यकाळ येऊ शकतो, पण तो फुकट येत नाही, सोबत शंका घेऊन येतो. इंग्रजीतलं ‘व्हेन शी अराइव्हज’ मात्र कसलीही शंका सांगत नाही. त्याचं मराठी ‘जेव्हा ती येईल’ असं शिकवणं म्हणजे मुलांना फुकटचे खांदे उडवायला शिकवणं आहे.

‘तर’चंही तसंच, आणि इथे तर मराठी आणि इंग्रजी हातात हात घालून चालतात. साधी अट असेल तर ‘आलात तर भेटू’. पण ‘जरा थांबाल तर सांगतो’, ‘एवढी सही कराल तर उपकार होतील’ अशी वाक्यं आपण म्हणतोच, आणि त्यात भविष्यकाळ आहे. तो का आला? कारण ही अट नाही, विनंती आहे. थांबण्याची समोरच्याची तयारी आहे का, हे आपण अदबीने विचारतो आहोत. इंग्रजीतही नेमकं इथेच ‘इफ’च्या पुढे ‘विल’ला परवानगी आहे. ‘इफ यू विल वेट अ मोमेंट’ हे शुद्ध इंग्रजी आहे, कारण इथला ‘विल’ त्याच्या जुन्या, इच्छेच्या अर्थाने आला आहे. ‘इफ’च्या पुढे ‘विल’ कधीच नाही असं ठोकून सांगणाऱ्या मास्तरला हे वाक्य दाखवलं, की तो अपवाद म्हणून चौकटीत टाकतो. ‘थांबलात तर’ आणि ‘थांबाल तर’ यांतला फरक ज्याच्या कानाला कळतो, त्याला ते अपवाद म्हणून पाठ करावं लागत नाही.

आता सगळ्यांत मोठी पंचाईत. लाल रेघा खाऊन खाऊन शहाणा झालेला विद्यार्थी ‘व्हेन दिसला की विल उडव’ असा नियम करतो आणि पुन्हा खड्ड्यात जातो, कारण इंग्रजीतला ‘व्हेन’ एकच असला तरी त्याच्या मागे मराठीचे दोन शब्द उभे आहेत. गोदाकाठाचं उदाहरण घेऊ. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिककर सांडव्याकडे धावतो आणि दुतोंड्या मारुतीकडे बघतो. पाणी त्याच्या गुडघ्याला आहे, कमरेला आहे की छातीला, यावरून पूर मोजायची इथली जुनी रीत आहे. समजा घाटावरच्या टपरीवाल्यांसाठी अशी सूचना लिहायची आहे: ‘पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की टपऱ्या हलवा. पुढची सूचना येईपर्यंत परतू नका. पाणी केव्हा ओसरेल ते कळवू.’ हिचं इंग्रजी करताना पहिल्या वाक्यात ‘व्हेन द वॉटर रीचेस’, ‘विल’ नाही. दुसऱ्यात ‘अंटिल फर्दर नोटिस कम्स’, तिथेही नाही. तिसऱ्यात मात्र ‘वुई विल टेल यू व्हेन द वॉटर विल गो डाउन’, आणि इथला दुसरा ‘विल’ हवाच. कारण हे वेळ सांगणारं वाक्य नाही, हा एक झाकलेला प्रश्न आहे: पाणी केव्हा ओसरेल? त्याचं उत्तर देऊ, असं वचन आहे, आणि ते उत्तर म्हणजे भाकीत. शहाण्या विद्यार्थ्याने सवयीने तिथला ‘विल’ही उडवला आणि ‘व्हेन द वॉटर गोज डाउन’ असं लिहिलं, तर वाक्य चुकत नाही, पण त्याचा सरळ अर्थ ‘ओसरल्यावर सांगू’ असा होऊन बसतो. टपरीवाल्याने विचारलं होतं की पाणी कधी उतरेल, आणि त्याला मिळालेलं उत्तर असं की उतरल्यावर सांगू. ते तर त्याला घाटावर उभं राहून फुकट दिसलं असतं.

मराठी माणसाला हा घोळ व्हायचं कारणच नाही, कारण इंग्रजीने एका ‘व्हेन’मध्ये कोंबलेल्या दोन गोष्टी मराठीने आधीच वेगळ्या ठेवल्या आहेत. ‘केव्हा’ आला तर प्रश्न आहे, भविष्याला ‘विल’ लावा. ‘की’ किंवा ‘-वर’ आला तर गृहीत आहे, ‘विल’ काढा. ‘इफ’लाही हीच कसोटी: ‘तो येईल की नाही माहीत नाही’ यात ‘की नाही’ आहे, म्हणून तिथे ‘आय डोन्ट नो इफ ही विल कम’ बिनघोर लिहावं. ‘तो आला तर’ मध्ये ‘तर’ आहे, तिथे ‘इफ ही कम्स’. आपलं वाक्य ‘आल्यावर’, ‘आला तर’, ‘येईपर्यंत’, ‘येण्याआधी’ यांपैकी एखाद्या साच्यात अर्थ न बदलता बसतं का, एवढं मनात बोलून बघायचं. बसलं तर ‘विल’ची सुट्टी. ‘ती केव्हा येईल ते सांग’ हे वाक्य ‘ती आल्यावर सांग’ असं केलं तर अर्थच बदलतो, म्हणजे ते बसलं नाही, म्हणजे ‘विल’ राहू दे.

या उपायावर एक आक्षेप असा येईल, आणि तो खोडून काढण्यासारखा नाही, की ‘आली की’ डोक्यात ठेवून इंग्रजी करणारा ‘व्हेन शी केम, आय विल कॉल यू’ असं लिहील, म्हणजे आगीतून फुफाट्यात. तसं होऊ शकतं. म्हणून मी ‘आली की’पेक्षा ‘आल्यावर’ची शिफारस करीन. ‘आल्यावर’ला काळ नाही, पुरुष नाही, वचनही नाही. मी आल्यावर, ती आल्यावर, साहेब आल्यावर, सगळ्यांना एकच गणवेश. त्यातून भूतकाळही उचलता येत नाही आणि भविष्यकाळही, त्यामुळे हात आपोआप इंग्रजीच्या साध्या रूपाकडे जातो. ‘अंटिल’ला मात्र वेगळी काळजी हवी. तिथे वर्गातला ‘जोपर्यंत’ आणखी एक पाहुणा घेऊन येतो. ‘जोपर्यंत ती येत नाही तोपर्यंत थांब’ यात वर्तमानकाळ आहे, म्हणजे माझ्या मघाच्या सिद्धांतातून मराठीने स्वतःच एक पळवाट ठेवली आहे, हे कबूल करतो. पण त्यात एक ‘नाही’ही आहे, आणि तो इंग्रजीत गेला की ‘वेट अंटिल शी डझ नॉट कम’ असं होतं, म्हणजे ती न येण्याची वाट बघ. ‘ती येईपर्यंत थांब’ म्हटलं तर ‘नाही’ नाही, काळ नाही, आणि ‘अंटिल शी कम्स’ हे आपसूक मिळतं.

राहिला एक शेवटचा, देशाभिमानी आक्षेप: एवढा अट्टहास कशाला, ‘व्हेन शी विल कम’ म्हटलं तरी सगळ्यांना कळतं, आणि इंग्रजी आता आपलीही आहे. कळतं हे खरं. पेपरात अर्धा गुण जाईल, घाटावर कोणी बुडणार नाही. तसं पाहिलं तर कायद्याच्या मराठीनेही ‘जो कोणी अमुक करील त्याला शिक्षा होईल’ असं दोन्हीकडे भविष्य ठेवलेलं आहे, आणि इंग्रजी कायदा त्याच जागी ‘जो कोणी करतो’ अशा वर्तमानाने काम भागवतो. दोन्हीकडून तुरुंग एकच. माझी तक्रार चुकीबद्दल नाही, चुकीच्या पत्त्याबद्दल आहे.

फक्त एक अडचण उरते, आणि ती मात्र इंग्रजीची आहे. ‘साहेब आले की सही होईल’ याचं इंग्रजी होतं: ‘व्हेन द ऑफिसर अराइव्हज’. आणि ‘साहेब येतील तेव्हा होईल’ याचं? तिथे ‘विल’ घालता येत नाही, त्यामुळे पुन्हा ‘व्हेन द ऑफिसर अराइव्हज’. खिडकीवरच्या माणसाने दोन वेगळी उत्तरं दिली आणि पाटीवर दोन्ही सारखीच लिहिली गेली. शुद्ध, निर्दोष, लाल रेघ नसलेलं ते इंग्रजी वाचून माणूस बाकावर बसतो, आणि साहेब जिल्ह्यात नसतात.